तीच गोळी, तीच जागा

डॉक्टर, माझं वय ३६, राहायला धायरीत, नोकरी हिंजवडीला. लग्नाला आठ वर्षं झाली. गेल्या जूनपासून लिंगाच्या बोंडावर डाव्या बाजूला, अगदी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा चट्टा उठतो. आधी चुरचुरतं, मग आग आग होते, लाल-जांभळा गोल चट्टा येतो, साल निघून जागा ओली होते आणि लघवीला गेलं की झोंबतं. आठ-दहा दिवसांत बरं होतं, पण राखाडी डाग राहतो. जूनमध्ये, गणपतीत आणि आता गेल्या महिन्यात हे झालं तेव्हा पोट बिघडलेलं होतं आणि मी मेडिकलमधून नेहमीची ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची गोळी आणली होती. जूनमध्ये रात्री गोळी घेतली आणि सकाळी त्रास सुरू झाला. या वेळी तर तीन तासांतच. पण ही गोळी मी कित्येक वर्षं घेतोय. जूनचा चट्टा बरा झाल्यावर आठवड्याभराने परत घेतली होती, तेव्हा काहीच झालं नाही. शिवाय दिवाळीनंतर दाढ दुखत होती, पोट ठणठणीत होतं, तेव्हाही चट्टा आला. म्हणजे गोळीचा संबंध नाही ना? एका डॉक्टरांनी हर्पीस सांगून गोळ्या दिल्या, बरं वाटलं. रक्तात हर्पीसची आयजीजी पॉझिटिव्ह आली. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह. या वेळी वरच्या ओठाच्या कडेलाही तसाच डाग आहे. रिपोर्ट वाचल्यापासून बायको नीट बोलत नाही. मी कुठेही बाहेर गेलेलो नाही, एवढं खरं सांगतो.
– एक वाचक, पुणे

नमस्कार.

ज्या दोन गोष्टींमुळे तुम्ही गोळीला निर्दोष ठरवलंत, त्याच दोन गोष्टी मला गोळीकडे बोट दाखवताना दिसतात. तपासल्याशिवाय शंभर टक्के कुणी सांगू नये आणि मीही सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे, की माझ्या ओपीडीत तुम्ही असतात तर पहिलं निदान मी ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ असंच लिहिलं असतं. हा औषधाच्या ॲलर्जीचा एक प्रकार आहे. तो गुप्तरोग नाही, संसर्ग नाही, कुणाकडून येत नाही आणि कुणाला देताही येत नाही.

आधी दाढेचं बघू, कारण सगळा उलगडा तिथेच होतो. दाढेत पू झाला किंवा हिरडी सुजली की दंतवैद्य साधारणपणे तीन औषधं लिहून देतात: अमॉक्सिसिलिन, एक वेदनाशामक आणि मेट्रोनिडॅझोल. तुमच्या त्या चिठ्ठीवर काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरात फाईलमध्ये किंवा फोनमध्ये तिचा फोटो असेल तर आजच काढून बघा. तिच्यावर मेट्रोनिडॅझोल निघालं, तर कोडं जवळजवळ सुटलं. तुमच्या जुलाबाच्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत, ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल. ऑर्निडॅझोल हे मेट्रोनिडॅझोलचं सख्खं भावंड आहे, दोघांची रासायनिक ठेवण एकच. जून, गणपती, दिवाळी आणि गेला महिना, या चारही वेळा पोटात गेलेली समान गोष्ट शोधायची झाली आणि दाढेच्या चिठ्ठीवर ऑफ्लॉक्सॅसिन नसेल, तर ती गोष्ट ऑफ्लॉक्सॅसिन असू शकत नाही. बिघडलेलं पोटही नाही, कारण तेव्हा पोट ठीक होतं. उरतं ते या एका कुटुंबातलं औषध.

अमॉक्सिसिलिन आणि वेदनाशामकाचाही हिशेब करायला हवा. वेदनाशामकांनी असे चट्टे येतात, आणि बरेच येतात. नॅप्रॉक्सेन, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, कधी कधी साधं पॅरासिटामॉलसुद्धा. म्हणून स्वतःला विचारा: गेल्या वर्षभरात ताप, पाठदुखी, घसा यांसाठी हीच औषधं घेतली होती का, आणि तेव्हा ती जागा शांत होती का? शांत असेल तर संशय त्यांच्यावरून बऱ्यापैकी उतरतो. हे विचारताना जुलाबाच्या तिन्ही वेळांत गोळीबरोबर आणखी काय घेतलं होतं तेही आठवा. पोटात मुरडा येतो म्हणून घेतलेली गोळी, ॲसिडिटीची कॅप्सूल, डोकं दुखतंय म्हणून आईने दिलेली अर्धी गोळी, सगळं. आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळीला औषध समजतच नाही. डॉक्टरांनी ‘काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारलं की बीपी-शुगरच्या गोळ्या आठवतात. दोन दिवसांपूर्वीची जुलाबाची गोळी कुणीच सांगत नाही. हे निदान चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि त्यात दोष पेशंटइतकाच घाईत अर्धाच प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरचाही आहे.

आता तुमची दुसरी शंका. चट्टा बरा झाल्यावर आठवड्याभराने तीच गोळी घेतली आणि काहीच झालं नाही. यामुळे पेशंटच काय, डॉक्टरही फसतात. या आजारात एक झटका येऊन गेला की पुढचे काही आठवडे ती जागा थंड पडते. तेवढ्या काळात तेच औषध घेतलं तरी ती उठत नाही, किंवा नुसतीच थोडी खाजते. माणसाला वाटतं, चला, गोळीचा काही संबंध नाही. तो काळ सरला आणि गणपतीत पुन्हा गोळी पोटात गेली की चट्टा हजर. त्यामुळे चट्टा नुकताच बरा झालेला असताना घेतलेली गोळी निभावली, तर त्यावरून ते औषध सुरक्षित आहे असं कधीच धरू नका.

आणि ‘कित्येक वर्षं घेतोय’ याचं म्हणाल तर औषधाची ॲलर्जी जन्मापासून अंगात नसते. शरीर ते औषध आधी कधीतरी ओळखायला शिकतं, आणि हे शिकणं पहिल्या गोळीला होईल की पन्नासाव्या, ते सांगता येत नाही. ज्या वेळी पहिल्यांदा शिकतं त्या वेळी चट्टा यायला एखाद-दोन आठवडेही लागतात, म्हणून तो पहिला चट्टा कशाचा हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. एकदा ओळख पक्की झाली की पुढच्या वेळी अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत, फार तर एक-दोन दिवसांत आग सुरू होते. जूनमध्ये रात्रीची गोळी आणि सकाळी त्रास, आणि आता तीन तासांत. ही वेळ या आजारात नेमकी बसते.

हे सगळं एकाच ठिकाणी का होतं, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. औषध तर रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. त्याचं उत्तर त्वचेच्या आत आहे. पहिल्या झटक्यात त्या जागी आलेल्या रोगप्रतिकारक टी-पेशींपैकी काही पेशी काम झाल्यावर परत जात नाहीत. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी त्या मुक्काम ठोकून बसतात, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. बाहेरून तिथे फक्त डाग दिसतो. औषध रक्तातून तिथे पोहोचलं की या पेशी लगेच जाग्या होतात आणि आजूबाजूच्या त्वचेच्या पेशींवरच हल्ला करतात. त्या पेशी मरतात म्हणून फोड येतो आणि साल निघते. मेलेल्या पेशींमधला काळा रंग खालच्या थरात सांडतो आणि तिथेच अडकून पडतो. तुमचा राखाडी डाग तो हाच. खाली सांडलेला रंग असल्यामुळे तो कुठल्याही क्रीमने घासून जात नाही. औषध पुन्हा पोटात गेलं नाही तर काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप फिका होत जातो. उलट दर झटक्याला तो आणखी गडद होतो.

लिंगाचं बोंड आणि ओठ या दोन्ही जागा या आजाराच्या आवडत्या आहेत. हातापायांवर, पाठीवर, मांडीवरही हे चट्टे येतात, पण तिथली कातडी जाड असल्याने नुसता गोल काळपट डाग उरतो आणि माणूस दुर्लक्ष करतो. बोंडावरची त्वचा पातळ आणि ओलसर असते, तिथे फोड टिकतच नाही. तो लगेच फुटतो, कच्ची जागा उघडी पडते आणि लघवीचा थेंब लागला तरी माणूस कळवळतो.

ओठाच्या डागाकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण तुमच्या पत्रातला मला काळजी वाटणारा भाग तोच आहे. तेच औषध पुन्हा पुन्हा घेत राहिलं की जुनी जागा तर उठतेच, शिवाय नव्या जागाही त्यात सामील होतात. जूनमध्ये एक होती, आता दोन झाल्या. फार थोड्या लोकांत, पण होतं असं, की पुढे अंगभर मोठमोठे फोडांचे चट्टे उठतात आणि दवाखान्यात भरती व्हावं लागतं. म्हणून ‘आठ-दहा दिवसांत जातं ना, मग चालू दे’ असं करू नका.

आता हर्पीसचा विषय, कारण घरात वादळ त्याने उठवलंय. तुमच्या डॉक्टरांना हर्पीसची शंका आली यात नवल नाही. लिंगावर आणि ओठावर वारंवार येणारी आग म्हटलं की सगळ्यात आधी तेच आठवतं. पण दोघांत फरक आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हर्पीसमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पाणीदार फोड घोळक्याने येतात आणि फुटल्यावर बारीक बारीक जखमा होतात. त्यांची जागा साधारण तीच असली तरी दर वेळी थोडी इकडेतिकडे सरकते, आणि बरं झाल्यावर सहसा गडद डाग राहत नाही. तुमचा चट्टा एकच आहे, गोल आहे, काठ रेखीव आहे, मधोमध जांभळट आहे, दर वेळी तंतोतंत त्याच ठिकाणी येतो आणि मागे डाग ठेवून जातो. शिवाय हर्पीस ताणतणाव, ताप, जागरण अशा कारणांनी उठतो. गोळी घेतल्यावर तीन तासांत तो उठत नाही.

‘हर्पीसच्या गोळ्यांनी बरं वाटलं’ हा पुरावा नाही. गोळीचा चट्टा काहीही न करता आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतोच, त्या काळात तुम्ही जे घेतलं असतं त्याला श्रेय मिळालं असतं. आणि रक्तातली आयजीजी म्हणाल तर ती पॉझिटिव्ह येण्याचा अर्थ एवढाच, की आयुष्यात कधीतरी हा विषाणू अंगात शिरला होता. कधी, कुणाकडून आणि शरीराच्या कुठल्या भागात, यातलं काहीही ती सांगत नाही. हर्पीसचा पहिला प्रकार बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्यांच्या पाप्यांतून, उष्ट्या ताटवाट्यांतून येतो. कित्येकांना तो झालेला कळतही नाही, आणि मोठ्या माणसांत ही तपासणी सर्रास पॉझिटिव्ह येते. रिपोर्टवर प्रकार एक, प्रकार दोन असं वेगवेगळं लिहिलंय की दोन्ही एकत्र, ते बघा. सध्याची जखम हर्पीसची आहे का हे त्या रक्तावरून ठरत नाही. ते ठरवायचं तर जखम ताजी असताना, पहिल्या एक-दोन दिवसांतच तिथून स्वॅब घेऊन पीसीआर करावं लागतं. पुढे कधी पुन्हा चट्टा उठला तर तो लगेच दाखवा आणि हा स्वॅब मागून घ्या. निगेटिव्ह आला तर तुमच्या घरासाठी त्या कागदाचं मोल मोठं असेल.

बाकीच्या शक्यताही थोडक्यात सांगतो. सिफिलिसची जखम बहुधा दुखत नाही, हाताला कडक लागते आणि अशी महिन्या-दोन महिन्यांनी येत-जात नाही. तुमची व्हीडीआरएल निगेटिव्ह आहेच. बुरशीच्या संसर्गात खाज जास्त, दह्यासारखा पांढरा थर येतो आणि सगळं बोंड लाल होतं. त्यात बऱ्याचदा शुगर वाढलेली निघते, म्हणून एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी करून घ्या. याच जोडीला एक सावधगिरी सांगतो. बुरशी समजून लिहून दिलेल्या फ्लुकोनॅझोलनेही असाच चट्टा येऊ शकतो. कुणी ती गोळी दिली आणि त्रास वाढला, तर तेही आठवणीने सांगा.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे नावं ओळखायला शिका. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोल, सेक्निडॅझोल, सॅट्रॅनिडॅझोल. सगळ्यांचा शेवट ‘निडॅझोल’ असा होतो. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, तिथे हे शेपूट दिसलं की ती गोळी घ्यायची नाही. ब्रँडच्या नावावर जाऊ नका. एकच औषध पन्नास नावांनी मिळतं आणि मेडिकलवाले एक नसेल तर दुसरं देतात. पोटाच्या सिरपमध्ये, हिरड्यांना लावायच्या जेलमध्ये, सलाइनच्या बाटलीतसुद्धा मेट्रोनिडॅझोल असतं. उलट बाजूने उगीच घाबरूही नका. पँटोप्राझोल, अल्बेंडाझोल यांच्या नावात ‘झोल’ आहे म्हणून ती या कुटुंबातली होत नाहीत. कुटुंबातलं एक औषध सोसलं नाही म्हणून सगळीच सोसणार नाहीत असं नेहमीच नसतं. पण कुठलं चालेल हे घरी गोळ्या खाऊन ठरवायचं नाही.

आणि ऑफ्लॉक्सॅसिन? हिशेबानुसार ते निर्दोष दिसतंय, पण या गटातल्या औषधांनीही असे चट्टे येतात. म्हणून सध्या तेही बंद ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा हा विषय पक्का करून घ्या. पक्का करायचे दोन मार्ग आहेत. एक पॅच टेस्ट, म्हणजे औषधाचं मलम त्वचेवर लावून बघणं. ती निरोगी पाठीवर करून उपयोग नसतो, कारण त्या जाग्या पेशी फक्त जुन्या डागात असतात. तुमच्या बाबतीत डाग अशा जागी आहेत, की ही टेस्ट करणं अवघड, आणि औषध त्वचेतून नीट शिरलं नाही तर ती खोटी निगेटिव्हही येते. दुसरा मार्ग खात्रीचा: चट्टा पूर्ण बरा होऊन काही आठवडे गेल्यावर, तो थंडपणाचा काळ संपला की दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली संशयित औषधाचा अगदी छोटा अंश द्यायचा, वाट बघायची आणि मग डोस हळूहळू वाढवायचा. माझं मत विचाराल तर ‘निडॅझोल’साठी तुम्ही या फंदात पडू नका. पुरावा पुरेसा आहे आणि पर्यायी औषधं आहेत. ऑफ्लॉक्सॅसिनसाठी मात्र मी हा प्रयोग करून घेईन, कारण उद्या खरीच गरज पडली तर एक उपयोगी गट विनाकारण बाद झालेला नको. ज्यांना अंगभर फोड आले होते त्यांच्यावर मात्र हा प्रयोग करत नाहीत.

पुन्हा जुलाब लागले तर? यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या चट्ट्याचं मूळ इथे आहे. पावसाळ्यात पुण्यात निम्म्या घरांत पोटं बिघडतात, आणि तरुण, धडधाकट माणसाच्या साध्या पाण्यासारख्या जुलाबाला अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागतच नाही. ते दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. लागतं ते पाणी आणि मीठ-साखर. मेडिकलमधून ओआरएसचं मोठं पाकीट आणा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ते सगळं एकदम विरघळवा आणि दिवसभर थोडं थोडं घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पेज, ताक, मऊ भात चालू ठेवा. शौचात रक्त पडलं, ताप चढला, पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी कमी झाली किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टर गाठा आणि गोळी लिहून घेण्याआधी हा चट्टा सांगा. अमीबा किंवा जिआर्डिया खरोखर निघाला तरी दुसरी औषधं आहेत, दाढेसाठीही आहेत. फक्त समोरच्याला आधी माहीत हवं.

चट्टा उठलेलाच असेल तर सगळ्यात मोठा उपचार म्हणजे त्या गोळीचा उरलेला कोर्स तिथेच थांबवणं. ‘सुरू केलंय तर पूर्ण करू’ हा नियम इथे लागू नाही. ज्याने ती गोळी लिहून दिली त्याला फोन करून दुसरी मागा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून, त्यात स्वच्छ सुती कापड भिजवून दहा-दहा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा ठेवा. मग हलकेच टिपून कोरडं करा आणि वर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. लघवी करताना वरून पाणी ओतलं की झोंबणं बरंच कमी होतं. साबण, डेटॉल, हळद, कोरफड यातलं काहीही कच्च्या जागेवर नको. आग फार असेल तर डॉक्टर पाच-सात दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइडचं क्रीम लिहून देतील. पण ते त्यांनी बघून दिलेलं. मेडिकलमध्ये मिळणारं स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही मिसळलेलं क्रीम त्या नाजूक जागी लावू नका. त्याने कातडी पातळ होते आणि पुढच्या वेळी काय चाललंय ते ओळखणंही कठीण होतं. जागा पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा. कुणाला काही लागेल म्हणून नाही, तुम्हालाच दुखेल म्हणून.

चट्ट्यांबरोबर ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात सगळीकडे सोलवटलं, अंगावर एकाच वेळी अनेक चट्टे किंवा फोड आले, किंवा नुसता हात लागला तरी कातडी दुखायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि गोळीची स्ट्रिप बरोबर न्या.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना एक कागद तयार करा. पत्रातलीच माहिती, पण रकाने पाडून: कुठल्या तारखेला कुठलं औषध घेतलं, किती वाजता, आग किती तासांनी सुरू झाली आणि चट्टा किती दिवस राहिला. दाढेची चिठ्ठी, जुन्या स्ट्रिप आणि चट्ट्याचे फोटो असतील तर ते जोडा. जूनचा चट्टा बरा झाल्यावर निभावलेली गोळीही त्यात लिहा. खासगी दवाखाना परवडत नसेल किंवा ओळखीच्या डॉक्टरांपुढे संकोच वाटत असेल, तर ससूनची त्वचारोग ओपीडी आहे. तिथे असे पेशंट रोज येतात आणि कुणी भुवया उंचावत नाही. निदान पक्कं झालं की एका कार्डावर औषधाचं नाव आणि ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ असं लिहून, डॉक्टरांची सही घेऊन ते पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो बायकोच्या फोनमध्येही असू द्या. अपघातात किंवा ऑपरेशनच्या वेळी तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा सलाइनमधून मेट्रोनिडॅझोल जाऊ शकतं, आणि तेव्हा ते कार्डच तुमच्या वतीने बोलेल.

बायकोला दवाखान्यात बरोबर न्या. तुम्ही दहा वेळा समजावण्यापेक्षा त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारलेलं बरं. रिपोर्ट वाचून त्या घाबरल्या आहेत, त्यांचं चुकलेलं नाही. तो कागद कुणीही वाचला तरी तसंच वाटेल. त्यांना आधी एवढं सांगा, की आयजीजीवरून ‘कुणाकडून’ हे कळत नाही, आणि बाकीच्या तपासण्या निगेटिव्ह आहेत. तेवढ्यात त्यांनाही एक प्रश्न विचारून घ्या, संशयाने नव्हे, हिशेबासाठी: या वर्षभरात त्यांना अंगावरून पांढरं जाण्यासाठी मेट्रोनिडॅझोल किंवा तसल्या गोळ्या, योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या का? ज्याला आधीच ॲलर्जी आहे अशा जोडीदारात संबंधांतून पोहोचलेल्या औषधानेही चट्टा उठल्याची उदाहरणं आहेत. फार क्वचित, पण आहेत. त्यांचे उपचार चालू असतील तेव्हा तेवढे दिवस संबंध टाळले की झालं.

शेवटची एक विनंती. निदान पक्कं झाल्यावर ही औषधाची प्रतिक्रिया सरकारी फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवा. १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक सर्वसामान्य लोकांसाठीही आहे, डॉक्टरांनीच कळवायला हवं असं नाही. औषधाचं नाव, घेतल्याची तारीख, काय झालं आणि स्ट्रिपवरचा बॅच नंबर एवढं हाताशी ठेवून फोन करा.